आजोबांचा स्वभाव वाईट होता

भिलाईतल्या मराठी घरात जन्मलेल्या मुलाला भाषांतर शिकवावं लागत नाही. ते त्याला चालता येण्याच्या आधीपासून येत असतं. आजी स्वयंपाकघरातून मराठीत सांगते, पोरगं दारातल्या भाजीवाल्याला तेच हिंदीत सांगतं, भाजीवाला छत्तीसगढीत काहीतरी म्हणतो आणि पोरगं उलट्या पावली आजीला मराठीत निरोप देतं, ‘आजी, तो म्हणतो भेंडी आजच तोडलीय.’ सेक्टरमधल्या क्वार्टरांत असे बिनपगारी दुभाषे घराघरांत आहेत.

गावाची परंपराच तशी आहे. 1955 साली पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. मधल्या काळात रशियन इंजिनियर बोलायचे, दुभाषे सांगायचे आणि देशभरातून आलेले कामगार आपापल्या भाषेत ते समजून घ्यायचे. लोखंड वितळायच्या आधी इथे भाषा वितळल्या. नागपूर-वर्ध्याकडून आलेली मराठी कुटुंबंही त्यातच मिसळली. शेजारी तेलुगू, समोर बंगाली, वरच्या मजल्यावर मल्याळी, आणि जिन्यात सगळ्यांची हिंदी.

असं असताना शाळेच्या परीक्षेत ‘पुढील उताऱ्याचे इंग्रजीत भाषांतर करा’ हा प्रश्न म्हणजे हातचा मळ वाटायला हवा. पण नेमकी इथेच भिलाईच्या मराठी मुलांची विकेट पडते, आणि तीही अशी की पेपर तपासणाऱ्या बाई स्टाफरूममध्ये तो मोठ्याने वाचून दाखवतात.

कारण शोधायला फार लांब जायला नको. मराठीतून हिंदीत जाताना शब्दाला शब्द ठेवला तरी बहुतेक वेळा निभावतं. दोन्हीकडे कर्ता पुढे, क्रियापद शेवटी. ‘घरात’ला ‘घर में’, ‘मला’ला ‘मुझे’. ‘मला भूक लागली’चं ‘मुझे भूख लगी’ करताना एकही शब्द जागचा हलत नाही. याच छत्तीसगढातून माधवराव सप्रे यांनी 1900 साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं आणि पुढे टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं. त्यांना त्यासाठी शब्द बदलण्यापलीकडे पुष्कळ डोकं लावावं लागलं असणार, पण निदान वाक्याची मांडणी मुळापासून उपटावी लागली नाही. भिलाईच्या पोरांना ही सवय रोजचीच. त्यामुळे मराठी उतारा समोर आला की ती आधी मनातल्या मनात त्याची हिंदी करतात आणि मग त्या हिंदीची इंग्रजी. दोन गाड्या बदलून पोचणाऱ्या प्रवाशाचं सामान जसं मधल्या स्टेशनवर राहतं, तसा अर्थ बरेचदा हिंदीतच उतरतो.

हा प्रश्न तसा दुर्मीळही होत चालला आहे. महाराष्ट्रात दहावीच्या तृतीय भाषा इंग्रजीच्या पेपरात भाषांतराला 5 गुण असतात, पण ती वाट उलटी: इंग्रजीतून आपल्या माध्यमाच्या भाषेत. मराठीतून इंग्रजीत जायचा घाट मोठेपणी लागतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत भारतीय भाषेचा 300 गुणांचा सक्तीचा पेपर असतो. त्यात इंग्रजीतून मराठीला 20 आणि मराठीतून इंग्रजीला 20 गुण. म्हणजे कलेक्टर व्हायचं तर आजीचं बोलणं इंग्रजीत सांगता आलं पाहिजे. पूर्वी या कामाला तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. एकेक साधं वाक्य घेऊन मराठीची इंग्रजी आणि इंग्रजीची मराठी करत कित्येक पिढ्या त्या पाठमालेवर घासून निघाल्या. ज्या घरात ती अजून आहे, तिथे ती माळ्यावर आहे.

भिलाईच्या एका सेक्टरमध्ये एक निवृत्त शिक्षिका शेजारपाजारच्या मुलांना हे भाषांतर शिकवतात. मुलं त्यांना काकू म्हणतात. त्यांनी स्वतः रचलेला एक उतारा त्या दर वर्षी नव्या मुलांपुढे टाकतात. दिसायला तो दुसरीच्या पुस्तकातला वाटतो:

‘परवा आजोबांची प्रकृती बरी नव्हती. सकाळी उठून, चहाबिहा घेऊन बाबा प्लांटला गेले. दुपारी आत्या आली. तिला पाहून आजोबांची कळी खुलली. आजी तिला म्हणाली, “जेवून जा.” पण आत्याला घाई होती. “येते मी,” म्हणून ती निघाली.’

सात वाक्यं. एकही अवघड शब्द नाही. नववीतल्या एका मुलीने तो दहा मिनिटांत सोडवला आणि पेन खाली ठेवून विचारलं, ‘काकू, आणखी आहे का?’ काकूंनी वही घेतली. पहिलं वाक्य होतं: ‘टुमॉरो ग्रँडफादर्स नेचर वॉज नॉट गुड.’

‘अगं, आजोबांचा स्वभाव वाईट आहे असं कुणी सांगितलं तुला?’

‘काकू, प्रकृती म्हणजे नेचर ना?’

हिंदीत आहे. हिंदीत प्रकृती म्हणजे निसर्ग किंवा स्वभाव, मराठीत तब्येत. दोन्ही भाषांत एकच रूप आणि वेगळा अर्थ असलेले असे शब्द म्हणजे भिलाईच्या मराठी मुलांसाठी मांडून ठेवलेले सापळेच. ‘बाईंनी त्याला शिक्षा केली’ या वाक्यात मराठी मुलाचे कान लाल व्हायला हवेत, पण हिंदीमार्गे गेलं की बाईंनी त्याला शिक्षण दिलेलं असतं. ‘चेष्टा करू नकोस’चं होतं ‘प्रयत्न करू नकोस’, आणि आई असं सांगते म्हटल्यावर पोरगं खूशच. ‘त्यांचा संसार मोडला’ याचं ‘देअर वर्ल्ड ब्रोक’ झालं की एका जोडप्याच्या काडीमोडाचा थेट जगबुडीपर्यंत विस्तार होतो. ‘समाधान’ हिंदीत उत्तर असतं, मराठीत तृप्ती. ‘खाली’ हिंदीत रिकामं, मराठीत खालच्या बाजूला. ‘डबा खाली ठेव’ म्हटलं तर डबा रिकामा करून ठेवणारे बहाद्दरही सेक्टरात निघाले आहेत. यावर काकूंचा उपाय साधा आहे. उताऱ्यातला जो शब्द हिंदीतही आहे, त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची आणि स्वतःला विचारायचं, हा शब्द आपल्या घरी आजी कशासाठी वापरते? आजीचा अर्थ खरा. मग आजोबा ‘वॉज नॉट वेल’ होतात आणि त्यांची बदनामी टळते.

‘टुमॉरो’ची भानगड निराळी. परवा हा शब्द दोन्ही दिशांना बघतो, मागेही आणि पुढेही. त्यात मुलीच्या मनातल्या हिंदीत ‘परसों’ऐवजी ‘कल’ आला, आणि ‘कल’ही दोन्हीकडे बघणाराच. दोन दुतोंडी शब्दांत सापडलेले आजोबा येणाऱ्या उद्याला आजारी होते. अशा वेळी शब्दाला काही विचारण्यात अर्थ नसतो, क्रियापदाला विचारावं. ‘नव्हती’ म्हणजे होऊन गेलेलं, म्हणून ‘द डे बिफोर येस्टरडे’. मराठी वाक्याचा जीव शेवटच्या शब्दात असतो. तो वाचल्याशिवाय इंग्रजीचा पहिला शब्द लिहायचा नाही, हा काकूंचा पहिला दंडक. मुलं पहिला शब्द दिसताच लिहायला लागतात, कारण हिंदी करताना त्याने काही बिघडत नाही.

दुसरं वाक्य तर संग्रही ठेवण्यासारखं: ‘इन द मॉर्निंग हॅविंग गॉट अप, हॅविंग टेकन टी-वी, फादर्स वेंट टू प्लांट.’

चहाबिहाची मधल्या स्टेशनवर ‘चाय-वाय’ झाली आणि चायची इंग्रजी टी म्हटल्यावर वाय बिचारा एकटा कसा राहणार! बाबा सकाळी उठले आणि टीव्ही घेऊन कारखान्यात गेले. गेटवर सुरक्षारक्षकांनी अडवलं कसं नाही, एवढंच कोडं उरतं. बिहा, वाय, बिवण, बिस्तक ही जोडशब्दांची शेपटं कुठल्याही कोशात सापडत नाहीत. त्यांचा अर्थ एवढाच, की चहा आणि त्याच्याबरोबर जे काही असेल ते. इंग्रजीत तिथे ‘टी अँड अ बाइट’ म्हणावं, किंवा सरळ ‘हॅड हिज टी’ म्हणून पुढे जावं. शेपूट गेलं तर फार तर अर्धा गुण जाईल, पण टीव्ही नेला तर सगळं वाक्य जाईल.

‘फादर्स’ हा मात्र संस्काराचा परिणाम. बाबा गेले, आजोबा आले, काकू म्हणाल्या: आदराचं माणूस मराठीत अनेकवचनी असतं. मुलीने बाबांना मान दिला आणि बाबांची संख्या वाढली. इंग्रजीत आदर दाखवायला ‘मिस्टर’ आहे, ‘सर’ आहे, पण क्रियापद आणि सर्वनामाला त्याचं सोयरसुतक नाही. राष्ट्रपतीही ‘ही’ आणि गल्लीतला बंड्याही ‘ही’. हे मुलांना पटायला वेळ लागतो. आजोबांना ‘ही’ लिहिताना हात अडखळतो, कारण कानाला ते ‘तो’ ऐकू येतं.

उठून, घेऊन, जाऊन, करून ही मराठीची मालगाडी आहे. एकाला एक डबे जोडत जावे आणि शेवटच्या क्रियापदाचं इंजिन आलं की गाडी सुटते. ऐकणाऱ्याला तोवर धीर असतो. इंग्रजीला तो नसतो. प्रत्येक ‘ऊन’ला ‘हॅविंग’ लावलं तर व्याकरण चुकत नाही, पण बाबा कोर्टात जबानी देत असल्यासारखे वाटतात. त्यापेक्षा डबे सोडवून घ्यावेत: ‘इन द मॉर्निंग फादर गॉट अप, हॅड हिज टी अँड वेंट टू द प्लांट.’ तिन्ही क्रियापदं एकाच काळात, मध्ये स्वल्पविराम, शेवटच्याआधी ‘अँड’. ‘द’ विसरायचा नाही. मराठीत तो नसल्यामुळे मुलांना तो चैनीची वस्तू वाटतो. पण ‘द प्लांट’ म्हणजे सगळ्यांना ठाऊक असलेला तो एक, आणि ‘अ प्लांट’ लिहिलं तर कुठलाही चालेल, अगदी कुंडीतलं रोपसुद्धा. भिलाईत प्लांट एकच. इथे ‘द’ लावायला व्याकरणाचं पुस्तक लागू नये.

तिसरं वाक्य बरोबर आलं: ‘इन द आफ्टरनून आंट केम.’ काकूंनी ‘माय’ घातलं आणि मुलगी हिरमुसली. मराठीत आत्या म्हटलं की ती कुणाची हे विचारावं लागत नाही. इंग्रजीत नात्याला मालक लागतो.

चौथ्या वाक्यावर काकू थांबल्या. ‘सीइंग हर, ग्रँडफादर्स बड ओपन्ड.’

यात दोन अपघात एकदम आहेत. पहिला कळीचा. कळी खुलली ही बागेतली घटना नाही, आजोबा हसले एवढंच झालंय. वाक्प्रचाराचं भाषांतर करताना आधी त्याचा साध्या मराठीत अर्थ सांगायचा आणि मग त्या साध्या मराठीची इंग्रजी करायची. हीही दोन टप्प्यांची वाट आहे, पण मधलं स्टेशन आपल्याच मुलखातलं. कळी खुलली, म्हणजे चेहरा आनंदी झाला, म्हणजे ‘चीअर्ड अप’. तोलामोलाची इंग्रजी म्हण आठवली तर उत्तम, नाही आठवली तर साधा अर्थ लिहावा. आठवत नसताना बनवायची मात्र नाही. ‘पोटात कावळे ओरडतात’चे कावळे इंग्रजी पेपरात उतरले, की तपासणारा डॉक्टरला बोलवायच्या गोष्टी करतो.

दुसरा अपघात लपलेला आहे आणि तो भल्याभल्यांना दिसत नाही. ‘सीइंग हर’ने वाक्य सुरू केलं, की इंग्रजीत पुढे जो कर्ता येईल तोच बघणारा ठरतो. पुढे आली आहे कळी. म्हणजे आत्याला कळीने पाहिलं. मराठीत ‘तिला पाहून’ कुणी पाहिलं हे वाचणारा समजून घेतो. इंग्रजी तेवढी समजूतदार नाही, तिला माणूस दाखवून द्यावा लागतो: ‘ग्रँडफादर चीअर्ड अप व्हेन ही सॉ हर.’ आता पाहणारेही आजोबा आणि खुलणारेही आजोबा. ‘पाहून’ दिसलं की ‘कुणी पाहिलं?’ हा प्रश्न समासात लिहून ठेवावा, असं काकू सांगतात.

आजीचं ‘जेवून जा’ मुलीने ‘हॅविंग ईटन, गो’ असं केलं होतं. ज्या आजीने आग्रहाने पानावर बसवलं असतं, ती आता हॉटेलातल्या गल्ल्यावरच्या मालकासारखी दिसू लागली: खाल्लंत ना, मग उठा. मराठीत ‘जा’ नावापुरतं आहे, सगळं वजन ‘जेवून’वर. इंग्रजीत ते वजन पुढे आणावं लागतं: ‘हॅव युअर लंच बिफोर यू गो.’

‘टू आंट हरी वॉज’ ही चूक सगळ्यांत मराठमोळी. आपल्याला भूक लागते, राग येतो, ताप येतो, घाई असते, कंटाळाही येतो. हे सगळे बाहेरून येतात आणि माणूस नुसता ‘ला’ लावून बसलेला असतो, आपण काही केलं नाही अशा चेहऱ्याने. इंग्रजीत या बहुतेक जागी माणसालाच पुढे काढून जबाबदार धरतात. ‘माय आंट वॉज इन अ हरी.’ ‘मला भूक लागली’ला ‘आय अ‍ॅम हंग्री’, ‘तिला ताप आला’ला ‘शी हॅज अ फीव्हर’. ‘ला’ दिसला म्हणून ‘टू’ लिहायचं नाही. त्या ‘ला’च्या मागे लपलेल्या माणसाला हाताला धरून वाक्याच्या सुरुवातीला आणायचं.

आणि मग शेवटचं वाक्य. ‘आय कम, देअरफोर शी वेंट.’

काकू म्हणे हे वाक्य वाचून चष्मा काढून हसल्या. ‘मी येते, म्हणून ती गेली.’ म्हणजे दोघींचं वैर असणार! एक यायला लागली की दुसरी निघते.

इथे दोन गोष्टी होतात. निरोप घेताना ‘जाते’ म्हणू नये हा आपला शिरस्ता. जाणारा ‘येतो’ म्हणतो, कारण नुसतं ‘गेला’ म्हटलं की मराठी माणसाच्या काळजात चर्र होतं. इंग्रजीत ‘आय कम’ म्हणून कुणी निघालं तर यजमान खुर्ची पुढे करील. आत्या निघाली आहे, तेव्हा ‘आय मस्ट बी गोइंग नाउ.’ दुसरी गोष्ट ‘म्हणून’ची. हा शब्द कारणही सांगतो आणि ‘असं म्हणत’ हेही सांगतो. ओळखायची खूण अवतरणचिन्हात आहे. कुणाचं तरी बोलणं संपल्यावर आलेलं ‘म्हणून’ बहुधा ‘असं म्हणून’ असतं. तिथे ‘म्हणून’च्या जागी ‘असं म्हणत’ ठेवून पाहावं. वाक्य टिकलं तर ‘देअरफोर’ हद्दपार. ‘पाऊस आला, म्हणून ती थांबली’ यात ‘असं म्हणत’ बसवून पाहा, पाऊस बोलायला लागतो. तिथे ‘सो’ बरोबर.

मुलीने उतारा पुन्हा लिहिला. या वेळी काकूंनी मराठी कागद उलटा ठेवायला लावला आणि फक्त इंग्रजी वाचायला सांगितली. हे तपासणीचं सगळ्यांत भरवशाचं साधन. मराठी डोळ्यांसमोर असली की चुकीची इंग्रजीही बरोबर वाटते, कारण अर्थ आपण मराठीतून घेत असतो. मराठी झाकली की ‘बड ओपन्ड’ आपोआप खुपायला लागतं. मग मूळ कागद सुलटा करून वाक्यं मोजायची, कारण घाईत एखादं ‘सकाळी’ किंवा ‘दुपारी’ गळतंच. वीस मिनिटांच्या प्रश्नात पाच मिनिटं नुसतं वाचायला, दहा लिहायला आणि उरलेली या झाकपाकीला, असा काकूंचा हिशोब.

नवा उतारा असा झाला: ‘द डे बिफोर येस्टरडे, ग्रँडफादर वॉज नॉट वेल. इन द मॉर्निंग फादर गॉट अप, हॅड हिज टी अँड वेंट टू द प्लांट. इन द आफ्टरनून माय आंट केम. ग्रँडफादर चीअर्ड अप व्हेन ही सॉ हर. ग्रँडमदर सेड टू हर, “हॅव युअर लंच बिफोर यू गो.” बट माय आंट वॉज इन अ हरी. “आय मस्ट बी गोइंग नाउ,” शी सेड, अँड लेफ्ट.’

मुलीने तो घरी नेऊन आजीला वाचून दाखवला, वाक्यागणिक मराठीत समजावत. आजीला बाकी सगळं मान्य झालं, फक्त आत्यावर ती अडली.

‘आत्याला आंट, तर मावशीला काय म्हणतात?’

‘आंटच.’

‘आणि काकूला? मामीला?’

‘सगळ्यांना आंटच, आजी.’

‘अगं, पण तुझ्या आत्याचं आणि काकूचं वीस वर्षं पटत नाही. पेपरात दोघी आल्या तर कोण कुणाशी बोलत नाही हे त्या तपासणाऱ्याला कळायचं कसं?’

मुलगी दुसऱ्या दिवशी हा प्रश्न घेऊन शिकवणीला आली. काकूंनी सांगितलं, की उताऱ्यात एकच आत्या असेल तर ‘आंट’ पुरतं, पण दोघी समोरासमोर आल्या तर एकीला ‘माय फादर्स सिस्टर’ आणि दुसरीला ‘माय अंकल्स वाइफ’ लिहावं लागेल. मुलीने लगेच एक वाक्य करून पाहिलं. आत्या काकूशी बोलली नाही, एवढंच होतं. इंग्रजीत ते दीड ओळ झालं, आणि त्यात अंकलने काय केलं होतं हे आता तिला सगळी मुलं विचारत होती.